व्हिस्की सावरमध्ये ताजाच रस का आणि अंड्याचा पांढरा भाग कशासाठी?

प्रश्न: घरी व्हिस्की सावर करताना बाटलीतला लिंबूरस चालेल का? आणि अंड्याच्या पांढऱ्या भागाने नक्की काय फरक पडतो?

उत्तर: बाटलीतला रस आंबटपणा देईल, पण लिंबाचा वास देणार नाही, आणि अंड्याचा पांढरा भाग चवीसाठी नसून पेय जिभेला मऊ लागावं म्हणून असतो. रसातलं सायट्रिक आम्ल टिकतं, पण सुगंधी घटक उडून जातात किंवा हवेने बदलतात. बाटलीतला रस बहुतेकदा तापवलेला असतो, त्यामुळे तो शिजल्यासारखा, किंचित कडवट लागतो. सावरमध्ये दारू, साखर आणि लिंबू एवढंच असल्याने हा दोष लपत नाही.

मी ६० मिली बर्बन व्हिस्की, प्रत्येकी २२ मिली रस आणि साखरेचा पाक (१:१), आणि एका अंड्याचा पांढरा भाग घेते. आधी बर्फाशिवाय १५ सेकंद जोरात हलवायचं, मग बर्फ घालून पुन्हा. हलवताना प्रथिनं उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. लिंबाचं आम्ल तो टिकायला मदत करतं. म्हणून घोट दाट, रेशमी लागतो आणि आंबटपणाची धार बोथट होते. फेस धरलाच नाही, तर बहुधा पिवळा बलक मिसळलेला असतो. त्यातली चरबी फेस मोडते. वर बिटर्स या कडवट, सुगंधी अर्काचे दोन-तीन थेंब टाकले की अंड्याचा वास झाकला जातो.

मात्र दारू आणि लिंबाने कच्च्या अंड्यातले साल्मोनेला जंतू मरतीलच असं नाही. म्हणून आजारी किंवा वयस्कर पाहुण्यांसाठी पाश्चराइज्ड पांढरा भागच वापरा.