फ्लूमध्ये हॉस्पिटल कधी गाठावं?

प्रश्न: मोठ्या माणसाला फ्लू झाला तर घरी थांबायचं की लगेच हॉस्पिटलला न्यायचं, हे कशावरून ओळखायचं?

बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ किंवा न जाणारी गुंगी आली, थुंकीत रक्त दिसलं, ओठ-नखं निळसर पडली किंवा लघवी जवळजवळ थांबली, तर त्याच वेळी न्या. गाडी नसेल तर १०८ लावा. केंद्र सरकारच्या स्वाइन फ्लूच्या मार्गदर्शक सूचनांत यातली बहुतेक लक्षणं लगेच दाखल करण्याच्या गटात आहेत.

सगळ्यात फसवी खूण मात्र वेगळी. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, माणूस जेवू लागतो, आणि एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप परत चढतो, खोकला आधीपेक्षा वाढतो. फ्लूने दुखावलेल्या श्वासमार्गातून जिवाणू फुप्फुसात उतरल्याने झालेला न्यूमोनिया यामागे असू शकतो. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नका. त्याच दिवशी तपासून घ्या.

गरोदर बाई, ६५ च्या पुढचे, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले यांनी या खुणांची वाटच पाहू नये. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून ताप येताच डॉक्टरांना दाखवा.