स्टॉपवॉच बंद करा, आधी ‘कशाचं गुणोत्तर?’ ते विचारा

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा 18 वर्षांचा आहे, बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला. बँकेची नोकरी खात्रीची म्हणून मी आत्तापासून त्याची तयारी करून घेतो. रोज रात्री स्टॉपवॉच लावून मिश्रणाची वीस गणितं सोडवायला देतो. एकेका गणिताला तो दोन-दोन मिनिटं घेतो आणि ॲलिगेशन वापरलं की उत्तर उलटं लिहितो, 3:7 च्या जागी 7:3. दूध-पाण्याची दोन भांडी आली की पार गोंधळतो. हल्ली वही उघडायलाच टाळाटाळ करतो. त्याचा वेग वाढेल अशी एखादी पक्की ट्रिक सांगा.
– एक पालक, सातारा जिल्हा

नमस्कार,

तुमच्या पत्रात वेळ आहे, वीस गणितं आहेत, खात्रीची नोकरी आहे. मुलाला स्वतःला बँकेत जायचं आहे की नाही, याबद्दल मात्र एक ओळही नाही. मला काळजी वाटते ती याची. दिवसभर कॉलेज आणि प्रॅक्टिकल करून आलेला मुलगा रात्री घड्याळासमोर बसतो, घाईत बाजू उलटी लिहितो, ओरडा खातो आणि दुसऱ्या दिवशी आणखी घाई करतो. त्याने वही टाळणं हा आळस नाही. त्या वहीत रोज चूकच दिसणार हे त्याला कळून चुकलंय.

ही घाई नेमकी कशासाठी, हेही बघा. आयबीपीएसच्या क्लार्क किंवा पीओ परीक्षेला वयाची किमान अट 20 वर्षं आहे आणि पदवी हातात लागते. म्हणजे चौथं वर्ष संपेपर्यंत तो फॉर्मच भरू शकत नाही. पूर्व परीक्षेत गणिताचे 35 प्रश्न 20 मिनिटांत असतात हे खरं, पण त्यात मिश्रणाचा एखाद-दुसराच. तेवढ्यासाठी चार वर्षं आधीपासून रोज रात्रीचा तास आणि घरातली शांतता घालवणं मला अजिबात पटत नाही.

आता गणिताकडे येते. उत्तर उलटं येतं ते वेग कमी म्हणून नाही, तर ॲलिगेशनमध्ये, म्हणजे तिरक्या वजाबाकीने मिश्रणाचं गुणोत्तर काढताना, ती फुली कशासाठी मारतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही म्हणून. त्याच्याच अभ्यासातलं उदाहरण घेऊ. 95 टक्के आणि 45 टक्के अल्कोहोल मिसळून 60 टक्क्यांचं 500 मिलि करायचं आहे.

पेन उचलण्याआधी एक प्रश्न : 95 आणि 45 चा मध्य किती? 70. आपल्याला 60 हवंय, ते 45 च्या बाजूला झुकलेलं आहे. म्हणजे 45 टक्केवालंच जास्त लागणार. एवढं मनात पक्कं झालं की 7:3 आलं काय आणि 3:7 आलं काय, कुठलं कुणाचं याचा गोंधळ उरत नाही. याला दोन-तीन सेकंद लागतात आणि तुमच्या मुलाची अर्धी अडचण इथेच सुटेल.

मग मांडणी :

```
95        15
     60
45        35
```

डावीकडे दोन द्रावणं, मधे हवी असलेली तीव्रता. तिरकी वजाबाकी करायची. 60 मधून 45 गेले 15, ते 95 समोर. 95 मधून 60 गेले 35, ते 45 समोर. गुणोत्तर 15:35, म्हणजे 3:7. एकूण 10 भाग, एक भाग 50 मिलि. तेव्हा 95 टक्क्यांचं 150 मिलि आणि 45 टक्क्यांचं 350 मिलि. ताळा : 150 मिलिमध्ये अल्कोहोल 142.5, 350 मध्ये 157.5, बेरीज 300, आणि 500 चे 60 टक्के 300च होतात.

फुली का मारायची? 95 टक्क्यांचा प्रत्येक भाग मिश्रणात 35 जास्तीचे घेऊन येतो. 45 टक्क्यांचा प्रत्येक भाग 15 कमी घेऊन येतो. जास्तीचे आणि कमीचे जुळायला हवेत. प्रत्येक भागात 35 जास्त आहेत त्याचे 15 भाग घेतले की 525 जास्त होतात. प्रत्येक भागात 15 कमी आहेत त्याचे 35 भाग घेतले की 525 कमी पडतात. हिशेब मिटला. ज्याचा फरक मोठा, त्याचे भाग थोडे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत सोन्याच्या मिश्रणासाठी हाच नियम दिलाय. वर्ण म्हणजे सोन्याचा कस. 16 वर्णाचं आणि 10 वर्णाचं सोनं मिसळून 12 वर्णाचं करायचं, तर 16 आणि 12 चा फरक 4 हे 10 वर्णाच्या सोन्याचे भाग, आणि 12 आणि 10 चा फरक 2 हे 16 वर्णाचे. मुलाला हे कारण एकदा कागदावर स्वतः लिहून काढू द्या. नंतर त्याला फुली आठवावी लागणार नाही.

हवी असलेली तीव्रता दोन्हींच्या मधे असावीच लागते, हे ओघाने आलंच. 95 आणि 45 मिसळून 40 कधीच होणार नाही. पाणी घालायचं असेल तर त्याची तीव्रता शून्य धरायची.

आता त्याची दुसरी अडचण, दूध-पाण्याची भांडी. इथे मुलांचाच नव्हे, शिकवणाऱ्यांचाही एक गैरसमज असतो की ॲलिगेशनमधून नेहमी ‘किती लिटर’ याचंच गुणोत्तर मिळतं. तसं नाही. जे आकडे आपण डावीकडे लिहितो त्यांचा छेद काय आहे, त्याचं गुणोत्तर मिळतं. समजा पहिल्या भांड्यात दूध आणि पाणी 3:1, दुसऱ्यात 2:3, आणि दोन्ही मिसळून 1:1 करायचं आहे. घाईत मुलं सरळ 3/1, 2/3 आणि 1/1 हे आकडे घेतात. फरक येतात 1/3 आणि 2, म्हणून उत्तर लिहितात 1:6. ताळा घ्या. पहिल्यातून 1 लिटर घेतलं तर दूध 0.75, दुसऱ्यातून 6 लिटर घेतलं तर दूध 2.4, एकूण 7 लिटरमध्ये 3.15 लिटर. अर्धं व्हायला 3.5 हवं होतं. चुकलं. कारण ‘दूध भागिले पाणी’ असा आकडा घेतला तर छेदात पाणी आहे, आणि 1:6 हे दोन भांड्यांतून येणाऱ्या पाण्याचं गुणोत्तर आहे, मिश्रणाचं नाही. मिश्रण किती घ्यायचं ते हवं असेल तर छेदात पूर्ण मिश्रणच हवं, म्हणजे दुधाचा हिस्सा 3/4, 2/5 आणि 1/2. तिन्हींना 20 ने गुणलं की 15, 8 आणि 10. फरक 2 आणि 5. पहिल्या भांड्यातलं 2 भाग, दुसऱ्यातलं 5 भाग. पहिल्याच्या 2 लिटरमध्ये दूध 1.5, दुसऱ्याच्या 5 लिटरमध्ये 2, एकूण 7 मध्ये 3.5. बरोबर. शिवाय यात पाणी किती आलं ते बघा : 0.5 आणि 3 लिटर, म्हणजे 1:6. चुकलेलं उत्तर कुठून आलं होतं ते इथे उघड दिसतं. वेगाच्या गणितात ताशी किलोमीटर असतात, म्हणून तिथे वेळेचं गुणोत्तर निघतं, अंतराचं नाही. शेकडा नफ्याच्या गणितात खरेदी किमतीचं निघतं. ‘हे कशाचं गुणोत्तर आहे?’ हा प्रश्न त्याने प्रत्येक गणितात एकदा विचारला की वेगळी ट्रिक लागत नाही.

तुम्ही कदाचित पाहिलं नसेल, पण बी. फार्म.च्या पहिल्याच सत्रात फार्मास्युटिक्समध्ये टक्केवारीची द्रावणं आणि ॲलिगेशन हा भाग आहे. म्हणजे बँकेसाठी तुम्ही जे घोटून घेताय, ते त्याच्या स्वतःच्या विषयातलंच आहे. फक्त तिथे प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. वरचं 150 मिलि आणि 350 मिलि खरोखर एकत्र केलं तर मेझरिंग सिलिंडरमध्ये 500 च्या खुणेपेक्षा किंचित कमी भरतं. अल्कोहोल आणि पाणी मिसळताना आकारमान आक्रसतं. शुद्ध अल्कोहोल 50 आणि पाणी 50 मिलि मिसळलं तर 100 नाही, साधारण 96 ते 97 मिलिच मिळतं. म्हणून आकारमानाच्या टक्केवारीचं द्रावण करताना अल्कोहोल मोजून घेतात आणि शेवटी पाण्याने खुणेपर्यंत भरतात. आपल्या उदाहरणात शुद्ध अल्कोहोल 300 मिलि आलेलंच आहे, कमी पडलेली जागा पाण्याने भरून 500 केलं की बरोबर 60 टक्के. मिसळताना द्रावण कोमट होतं, तेव्हा ते गार होऊ द्यावं आणि मगच खुणेपर्यंत भरावं. गरम असतानाच भरलं तर गार झाल्यावर पातळी खाली जाते. मलमासारख्या गोष्टीत टक्का वजनाचा असतो, तिथे येणारे भाग ग्रॅमचे, मिलिलिटरचे नाहीत. पुन्हा तोच छेदाचा प्रश्न. प्रॅक्टिकलच्या टेबलावर त्याच्या दोन मिनिटांना कुणी नावं ठेवणार नाही, ताळा न घेतल्याबद्दल मात्र जरूर ठेवतील.

पुढच्या वाटांबद्दल थोडक्यात. बँकेच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, म्हणजे बी. फार्म. पूर्ण करूनही ती वाट खुलीच राहते. शिवाय एमपीएससीमार्फत औषध निरीक्षक आणि जीपॅट देऊन एम. फार्म. या वाटा फार्मसीच्या पदवीने उघडतात. पहिल्या वर्षाचे विषय मागे पडले तर यातली एकही उरत नाही.

तेव्हा रात्रीची वीस गणितं आजपासून थांबवा. आठवड्यातून दोन दिवस दोन-दोन गणितं पुरेत, घड्याळाशिवाय. त्याने आधी अंदाज सांगायचा, कुठलं द्रावण जास्त लागेल आणि का. मग मांडणी, मग ताळा. सलग महिनाभर अंदाज चुकला नाही की वेग आपोआप वाढलेला असेल, आणि घड्याळाचा सराव तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू केला तरी भरपूर वेळ आहे. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात आणि 7:3 सारखं उलटं उत्तर पर्यायांत हमखास ठेवलेलं असतं, त्यामुळे तिथेही आधी अंदाज बांधणाऱ्याचाच फायदा आहे.

या रविवारी वही त्याच्या हातात न देता तुम्ही घ्या. 90 टक्के आणि 60 टक्के अल्कोहोलपासून 70 टक्क्यांचं 600 मिलि करायचंय, असं सांगा आणि तुम्हाला शिकवायला त्याला बसवा. त्याने 200 आणि 400 मिलि म्हटलं की विचारा, 400 कुणाचं आणि का? तो सांगत असताना मधे बोलू नका. आणि त्याच बैठकीत त्याला फार्मसीत काय आवडतं, बँकेत जायचंय का, हेही विचारा. त्याचं उत्तर मला पुढच्या पत्रात त्याच्याच हस्ताक्षरात हवं आहे.