क्लायंटने रिलेटेड पार्टींची यादी सही करून दिली आहे. पण यादीत नसलेली पार्टी असेल तर ती शोधायची कशी?

यादी हातात घेऊन लेजर तपासत बसलात तर यादीत जे आहे तेवढंच सापडेल. यादीत नसलेलं नाव यादीतून निघत नाही. म्हणून सुरुवात अशा कागदापासून करायची जो ऑडिटरसाठी बनवलेलाच नाही. माझा आवडता कागद म्हणजे बँकेचं सँक्शन लेटर आणि त्याला जोडलेलं जामीनदारांचं नेटवर्थ स्टेटमेंट. ऑडिटरपुढे माणूस हातचं राखून बोलतो, पण कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यायची असली की आपलं काय काय आहे ते सगळं सांगून टाकतो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस पार्ट्सच्या कंपनीचं उदाहरण देते. प्रायव्हेट लिमिटेड, डायरेक्टर दोघे भाऊ, यादीत सात नावं. धाकट्या डायरेक्टरची बायको बँकेकडे जामीनदार होती आणि तिच्या नेटवर्थमध्ये एका भागीदारी फर्ममधलं भांडवल दाखवलेलं होतं, 38 लाख. फर्मचं नाव यादीत नव्हतं आणि क्रेडिटर्समध्येही नव्हतं. इथेच बरेच जण "व्यवहार नाही" असं लिहून मोकळे होतात.

पण लेजरला नाव दुकानाच्या पाटीवरचं असतं आणि बँकेकडे करारातलं. नाव बदलतं, पॅन बदलत नाही. जीएसटी नंबरची पहिली दोन अक्षरं राज्याची (आपल्याकडे 27) आणि त्यापुढची दहा म्हणजे पॅन. व्हेंडर मास्टर एक्सेलमध्ये काढून जीएसटी नंबरच्या कॉलमवर हे लावलं:

```
=MID(A2,3,10)
```

फर्मचा पॅन बँकेच्या फाइलमधल्या जामीनदार बायकोच्या रिटर्नवर होताच. जुळला तो चाकणच्या पावडर कोटिंगवाल्याशी, वर्षाचं जॉबवर्क 1 कोटी 12 लाख. पॅनचं चौथं अक्षरही बघत जा: फर्मला F, कंपनीला C, एचयूएफला H, व्यक्तीला P. मालक एकटाच आहे असं सांगितलं आणि तिथे F दिसलं, तर भागीदार कोण ते विचारा.

मग बिलांची फाइल मागवली. वर्षभरातली बिलं 1 ते 64, मध्ये एकही नंबर गाळलेला नाही. म्हणजे त्या कोटिंगवाल्याला बहुधा दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. ज्या ब्रॅकेटला बाहेरचा कोटिंगवाला 9 रुपये घेत होता, त्याला इथे साडेअकरा. शिवाय मार्चअखेर 21 लाखांचा अ‍ॅडव्हान्स, त्याला पर्चेस ऑर्डर नाही.

अकाउंटंटना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, ते तर घरचेच आहेत!" ते खरंच बोलत होते, त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. डायरेक्टरसाहेब मात्र तयारीत होते. "फर्म माझा मेव्हणा चालवतो, आणि कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत मेव्हणा येत नाही."

मुद्दा अर्धा बरोबर. कंपनी कायद्याखालच्या नियमात भाऊ-बहीण, सून, जावई आहेत, बायकोचा भाऊ नाही. पण बायको आहे, आणि डायरेक्टरची नातेवाईक ज्या फर्ममध्ये भागीदार आहे ती फर्म कलम 2(76) प्रमाणे रिलेटेड पार्टी ठरते. भागीदारीचा करार मागवला, तर तिचा हिस्सा 60 टक्के निघाला, म्हणजे एएस 18 या अकाउंटिंगच्या मानकाखालीही सुटका नाही. एमबीपी-1 फॉर्ममध्ये हे का आलं नव्हतं? कारण तिथे डायरेक्टर स्वतःचा हितसंबंध जाहीर करतो, बायकोचा नाही. एमबीपी-1 च्या फाइलवर टिक मारून यादी पूर्ण आहे असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

भाव बाजारभावाइतका असता तरी नाव, नातं, रक्कम आणि येणं-देणं नोटमध्ये द्यावंच लागलं असतं. बाजारभावानेच व्यवहार केला असा दावा क्लायंट नोटमध्ये करत असेल, तर त्याचा पुरावा त्याने द्यायचा.

एक नाव सापडलं की तिथे थांबू नका. एसए 550 या ऑडिटच्या मानकाप्रमाणे त्या पार्टीचे सगळे व्यवहार मॅनेजमेंटकडून मागवायचे आणि यादीतून ती सुटली कशी हेही विचारायचं. आम्ही थोरल्या भावाच्या घरच्यांचंही नेटवर्थ मागितलं, तिथे काही निघालं नाही. मागच्या वर्षीचे आकडेही दुरुस्त करावे लागले.

यातून सुटतं काय, तेही सांगते. फर्म खरोखर फक्त मेव्हण्याच्या नावावर असती, पैसा मात्र डायरेक्टरचा, तर पॅन जुळला नसता. तेव्हा बिलांचे सलग नंबर, ऑर्डरशिवायचा अ‍ॅडव्हान्स आणि तो एप्रिलमध्ये परत येतो का, एवढंच हाताशी उरतं. त्यावरून प्रश्न विचारता येतात, नातं सिद्ध करता येत नाही.

नोटमध्ये आठवं नाव आलं. सही करताना साहेब एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी बँकेची फाइल तुम्हाला द्यायची नाही." आम्ही कन्फर्मेशन थेट बँकेकडून मागवतो, हे त्यांना सांगितलं.