रॅकवर ४६ पुड्या दिसतात, मग विकायला किती?

प्रश्न: मिरजेत आमचं मसाल्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षापासून तेच पॅक दोन ऑनलाइन साइटवरही विकतो. रोज रात्री रॅक मोजून दोन्हीकडे आकडा टाकतो, तरी आठवड्यातून दोनदा तरी ऑर्डर रद्द करावी लागते. चूक नक्की कुठे होतेय?

उत्तर:

"रोज रात्री रॅक मोजून" हे वाचलं आणि आमची तीन वर्षांपूर्वीची दिवाळी डोळ्यासमोर आली. सांगलीत गणपती पेठेत आमचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे. तुम्ही करताय तेच मीही करत होतो.

रॅकवर दिसणारा माल सगळाच तुमचा नसतो. त्यातला काही आधीच विकलेला असतो, फक्त अजून पॅक झालेला नसतो. त्या दिवशी ५०० ग्रॅम हळदीच्या ४६ पुड्या मी मोजल्या आणि दोन्ही साइटवर ४६ टाकल्या. पण सकाळपासून ९ सुट्या पुड्यांच्या आणि दोन पुड्यांच्या ४ जोड्यांच्या ऑर्डर पडून होत्या. म्हणजे १७ पुड्या गेलेल्याच होत्या, विकायला खऱ्या २९. साइटने ऑर्डर येताच आपला आकडा बरोबर कमी केला होता. मीच वरून ४६ टाकून तो पुसला. संध्याकाळपर्यंत एका साइटवर १८, दुसरीवर १४ आणि काउंटरवर ५ पुड्या गेल्या. एकूण ३७. आठ गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागलं. शेजारच्या दुकानातून उसनी आणावी म्हटलं, तर लेबल आपलं नाही.

रद्द ऑर्डरींचं प्रमाण वाढलं म्हणून एका साइटने आमच्या लिस्टिंगच बंद केल्या. त्यांच्या मदत विभागाला मी रोज लिहायचो की माल आहे, मोजणीत चूक झाली. दर वेळी तेच छापील उत्तर: पुरवठादाराचं बिल जोडा. अहो, मार्केट यार्डातून हळकुंड घेऊन आम्हीच दळून भरतो! बिलावर हळकुंड आणि पुडीवर आमचं नाव, हे त्यांना कधी पटलंच नाही. दिवाळी गेली, मग लिस्टिंग सुरू झाल्या. असो, तो विषय काढला की आजही डोकं तापतं.

आता मी काय करतो ते सांगतो. सकाळी सगळ्या साइटच्या ऑर्डर छापायच्या आणि तेवढ्या पुड्या रॅकवरून उचलून वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायच्या. पॅकिंग नंतर झालं तरी चालेल, पण उचलायचं आधी. त्यानंतरच मोजणी. मोजताना नवीन ऑर्डर आली तर तीही क्रेटमध्ये, आणि मग आकडा टाकायचा. कूरियरवाला येऊन गेल्यावर मोजलं तर अजून सोपं, कारण क्रेट रिकामं असतं.

जोडपॅकचा आकडा वेगळा मोजू नका, तो त्याच पुड्यांतून काढा. रॅकवर मोकळ्या २९ पुड्या म्हणजे १४ जोड्या. पण २९ सुट्या आणि १४ जोड्या एकाच वेळी दोन्हीकडे लावल्या तर तोच माल दोनदा विकायला ठेवल्यासारखं होतं. मी सुटीला १९ आणि जोडीला ५ लावतो, एकूण २९. विक्री थोडी बुडते, पण रद्द करण्यापेक्षा बरं.

दुकानाचा माल समोरच्या कप्प्यात वेगळा. आमचे अण्णा ओळखीच्याला "घे रे, नंतर लिहू" म्हणून पुडी देतात, आणि जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते ओळखू शकत नाही. म्हणून १२ पुड्या पुढे नेल्या की त्याच क्षणी ऑनलाइन आकड्यातून वजा. त्यांतून अण्णांनी काय करायचं ते करावं.

परत आलेल्या मालाचीही एक गंमत आहे. साइटवर "परत" दिसतं तेव्हा पार्सल बहुतेक वेळा रस्त्यातच असतं. हातात येऊन, उघडून, सील बघितल्याशिवाय आकड्यात एकही वाढवू नका. आमच्याकडे ते लाल क्रेटमध्ये जातं. सील फुटलेली हळद घरच्या डब्यात.

सॉफ्टवेअरबद्दल विचाराल म्हणून सांगतो: घेतलंय, उपयोग होतो. एका साइटची विक्री दुसरीकडे ते आपोआप वजा करतं, पण तेही काही मिनिटं मागे असतं. शेवटच्या चार-पाच पुड्या राहिल्या की मी दोन्हीपैकी एक साइट शून्य करतो. आमचे साठेक प्रकारचे पॅक आहेत, तेवढ्याला हे जमतं. पाचशे प्रकार असतील तर वेगळं करावं लागेल, त्याचा मला अनुभव नाही. आणि एखाद्या साइटच्या गोदामात तुमचा माल ठेवला असेल तर तो या आकड्यात धरूच नका, तो तिथूनच जातो.

आज रात्री रॅक मोजण्याआधी पडून असलेल्या ऑर्डरी मोजा. फरक तेवढाच निघाला तर मला इथेच कळवा.