पंचवीस वर्षांच्या नोकरीचा सत्कार: वस्तू सर्वांत शेवटी ठरवा

"आमच्याकडे दहा, वीस, पंचवीस वर्षं झालेल्या सगळ्यांना दरवर्षी एकच स्मृतिचिन्ह देतात. यंदा ते काम माझ्याकडे आलंय. ज्याचं त्याला आपलं वाटेल असं काय देता येईल?"

मी बरीच वर्षं एचआरमध्ये हे काम केलंय. माझा अनुभव असा, की कॅटलॉग उघडून बसलात की फसलात. आधी त्या माणसाबद्दल माहिती गोळा करा, वस्तू आपोआप सुचते. त्यासाठी तारखेच्या दीड-दोन महिने आधी कामाला लागा.

माहिती साहेबांकडून मिळेल असं धरून चालू नका. पंचवीस वर्षांत पाच-सहा साहेब बदललेले असतात, आणि आताचे दोन वर्षांपूर्वी आलेले असतात. त्यांना चार ओळी लिहायला सांगितल्या की "प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ" एवढंच हाती येतं. तीन माणसांना प्रत्यक्ष भेटा: एक जुना सहकारी, एक त्यांच्या हाताखाली शिकलेला, आणि एक दुसऱ्या विभागातला, ज्याचं काम त्यांच्यावाचून अडतं. "ते कसे आहेत?" असं विचारू नका, विशेषणंच मिळतील. विचारा, "ते रजेवर असले की तुमचं काय अडतं?" आणि "त्यांनी सुरू केलेलं काय अजून चालू आहे?"

आमच्या स्टोअरमधल्या एका गृहस्थांना पंचवीस वर्षं होणार होती. मी या तिघांना भेटलो. रात्रपाळीचा सुपरवायझर म्हणाला, "ते घरी जाताना खिडकीपाशी एक ट्रे भरून ठेवतात. बेअरिंग, फ्यूज, ऑइल सील, रात्री हमखास लागणारं सगळं. शेजारी वही, दोरीला बांधलेलं पेन. घ्यायचं आणि लिहायचं. त्यामुळे रात्री स्टोअर उघडायला कुणाला बोलवावं लागत नाही." हे दिवसपाळीच्या साहेबांना ठाऊकच नव्हतं! एवढ्या वर्षांत कुणी त्या ट्रेबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मानपत्राचा मजकूर तिथेच ठरला. आठ ओळी, त्यात ट्रे, वही आणि पेन, विशेषण एकही नाही. खाली रात्रपाळीच्या सगळ्यांच्या सह्या. माळ्यावर त्या वहीचे जुने भाग धूळ खात पडले होते. त्यातला सर्वांत जुना, पानं सुटलेला, नीट बांधून घेतला. त्यांना स्टेजवर जायला आवडत नाही हे शिकाऊ मुलाकडून कळलं होतं, म्हणून कार्यक्रम वार्षिक समारंभात न ठेवता, रुजू झाल्याच्या तारखेलाच, संध्याकाळी पाळी बदलताना स्टोअरच्या खिडकीपाशी ठेवला. त्या वेळी दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असतात.

मानपत्र तयार झालं की त्यातलं नाव झाकून विभागातल्या कुणालाही वाचायला द्या. हे कुणाबद्दल आहे ते ओळखता आलं नाही, तर परत विचारपूस करा. आणि जवळच्या सहकाऱ्याला मसुदा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखाद्याचं आजारपण किंवा घरची अडचण आपल्याला कौतुकाची गोष्ट वाटते, त्यांना मात्र ती चारचौघांत नको असते.

छंदावरून भेट देताना जपून. "त्यांना फोटोग्राफीची आवड आहे" ही माहिती बहुतेक वेळा पंधरा वर्षांपूर्वीची निघते.

आता न्यायाचा मुद्दा, कारण कुरबुर इथेच होते. वस्तू वेगळी असू द्या, पण एकाच टप्प्यावर सगळ्यांचा खर्च सारखा ठेवा आणि ते उघड सांगा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेहनत सारखी घ्या. लोकप्रिय माणसाची माहिती गप्पांतच मिळते, अबोल माणसासाठी तिघांऐवजी सहा जणांना भेटावं लागतं. तेवढा वेळ काढा. पाच वर्षांच्या टप्प्याला माणसं खूप असतात, तिथे एवढं जमणार नाही. तिथे थेट वरिष्ठाने एका नेमक्या कामाबद्दल हाताने लिहिलेलं पत्र पुरतं.

नावाचं स्पेलिंग आणि रुजू झाल्याची तारीख त्या व्यक्तीकडूनच तपासून घ्या. कायम होण्याआधी काढलेली कंत्राटी वर्षं रेकॉर्डमध्ये अनेकदा नसतात. एका बाईंना आम्ही वीस वर्षांचं मानपत्र दिलं, तेव्हा त्यांची तेवीस झाली होती. त्यांनी हसून घेतलं, पण ते मानपत्र नंतर कितीतरी दिवस त्यांच्या टेबलाच्या खणात पालथं पडलेलं मी पाहिलंय. तेव्हापासून मानपत्रावर मी "कंत्राटी काळासह" असं स्पष्ट लिहितो.

स्टोअरच्या त्या गृहस्थांनी वही हातात घेतली, मधलं एक पान उघडलं आणि सुपरवायझरला म्हणाले, "ही तुझी सही बघ. तेव्हा नेलेला पाना अजून परत आलेला नाही."