क्षाराचं पाणी आणि १५ हजारांचा फरक

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला राहतो, घरात पाच माणसं. सोसायटीत बोअरवेल आणि टँकरचं पाणी. नळांवर पांढरा थर बसतो, टॉवेल कडक होतात. टॉप लोड वॉशिंग मशीन १९ हजारांना आणि फ्रंट लोड ३४ हजारांना मिळतंय. दुकानदार म्हणतो, फ्रंट लोड पाणी आणि पावडर वाचवून पैसे वसूल करेल. घ्यावं का?

उत्तर: माझं मत टॉप लोडकडे आहे, आणि तेही हीटर नसलेल्या.

फ्रंट लोडला पाणी कमी लागतं, हे खरं. पण टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये सगळ्या फ्लॅटवर वाटलं जात असेल, तर तुम्ही वाचवलेल्या पाण्याचे पैसे तुमच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाहीत. उरते पावडर. पाणी जास्त तितके क्षार जास्त, आणि साबणाचा एक भाग त्यांच्याशीच झुंजण्यात जातो. टॉप लोडला प्रत्येक धुण्यामागे ५ रुपयांची पावडर जादा लागते असं धरू. महिन्याला २५ धुणी म्हणजे वर्षाला १,५०० रुपये. केवळ एवढ्यावर १५ हजार भरून यायला १० वर्षं लागतील.

त्यात फ्रंट लोडचा खर्च अजून धरलेलाच नाही. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम घट्ट होऊन हीटरवर बसतो, जसा गीझरच्या रॉडवर बसतो तसाच. थर वाढला की पाणी तापायला वेळ लागतो, धुणं लांबतं आणि शेवटी हीटर जळतो. हे टाळायला दर दोन महिन्यांनी डिस्केलिंग पावडर टाकून मशीन रिकामं चालवावं लागतं. त्याला वर्षाला ९०० रुपये धरले तर बचत ६०० वर येते. वॉरंटीच्या अटी नीट वाचा. क्षारामुळे झालेला बिघाड बऱ्याचदा त्यात धरत नाहीत. फ्रंट लोड गार पाण्यावरच चालवलं तर हीटर वाचतो, पण मग ज्या सोयीसाठी जादा पैसे मोजले ती बंदच ठेवायची.

टॉप लोडही क्षारातून सुटत नाही. इनलेटची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा. धुतलेले कपडे राठ वाटले तर एक जादा खळबळणी लावा.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा त्वचेचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी चादरी ६० अंशांवर धुवायला सांगितल्या असतील, तर मात्र फ्रंट लोड घ्या आणि पाण्यातले क्षार काढणाऱ्या सॉफ्टनरचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा.

पैसे भरण्याआधी हार्डनेस टेस्ट किटने पाणी तपासा. टीडीएस मीटर सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, कॅल्शियम किती ते सांगत नाही. हार्डनेसचा आकडा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत आला तर क्षाराची भीती बरीच कमी होते; मग ज्यादा १५ हजार फक्त कपडे हळुवार धुतले जावेत म्हणून द्यायचे का, एवढंच ठरवायचं राहतं.