सारखं काम, वेगळा पगार: साहेबांकडे विषय कसा काढावा?

प्रश्न: मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कंपनीत चार वर्षं क्वालिटी इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी आलेला सहकारी तेच काम करतो, पण त्याला महिना ५२ हजार आहेत म्हणाला. माझ्या हातात ३७,४०० येतात. कोणावर आरोप न करता हे कसं विचारू?

उत्तर:

मी मकरपुरा जीआयडीसीत बरीच वर्षं पगारपत्रकं आणि एचआरचं काम केलं आहे, त्यामुळे आधी आकड्यांबद्दल विचारते. त्याचे ५२ हजार हातात येणारे आहेत की सीटीसीचे? नवा माणूस बहुतेक वेळा ऑफर लेटरवरचा आकडा सांगतो, आणि तो सीटीसी असतो.

समजा तुमचा बेसिक २० हजार आणि ग्रॉस ४० हजार आहे. पीएफचे १२ टक्के, म्हणजे २,४००, आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० कापले की ३७,४०० उरतात. पण कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ म्हणून आणखी २,४०० भरते आणि ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ९६२ रुपये धरते. तुमची सीटीसी झाली ४३,३६२. म्हणजे १४,६०० वाटणारा फरक प्रत्यक्षात ८,६३८ आहे. त्याच्या आकड्यात वर्षाअखेरचा व्हेरिएबल पे मिळवलेला असेल तर आणखी कमी. तुमच्या स्लिपवरचे खरे आकडे घालून हा हिशेब आधी घरी करा. चुकीचा आकडा घेऊन केबिनमध्ये गेलात, तर पुढचं सगळं बोलणं तो आकडा खोडण्यातच संपतं.

हिशेबानंतरही फरक उरला, तर तो कसा पडतो तेही माहीत असू द्या. बाहेरून माणूस घेताना त्याच्या आधीच्या पगारावर काही टक्के चढवून आणि त्या वेळचा बाजार बघून आकडा ठरतो. आतल्या माणसाचा पगार मात्र दर वर्षीच्या इन्क्रिमेंटने हळूहळू सरकतो. बाजार त्यापेक्षा भरभर चढला की जुना माणूस मागे राहतो. बऱ्याचदा यात कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं, आणि तुमच्या साहेबांनी तर दोन्ही स्लिपा शेजारी ठेवून कधी पाहिलेल्याही नसतील. म्हणून आरोपाचा सूर न लावणं हा नुसता शिष्टाचार नाही, बऱ्याचदा ते वस्तुस्थितीला धरूनही असतं.

सहकाऱ्याचं नाव घेऊ नका. पुष्कळ नेमणूकपत्रांत पगार गुप्त ठेवण्याचं कलम असतं. नाव घेतलंत की तुमचा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘त्याने का सांगितलं’ याची चौकशी सुरू होते. विश्वासाने बोललेला माणूस त्यात भरडला जातो. विचारायचं ते पदाबद्दल. साहेब गुजराती असतील तर सरळ त्यांच्या भाषेत म्हणा, ‘साहेब, आ पोस्टनी रेंज शुं छे, अने हुं एमां क्यां छुं?’ मग जोडा: ‘चार वर्षांत माझ्याकडे कामं वाढत गेली आहेत. आज या जागेवर बाहेरून माणूस घेतला तर काय द्यावं लागेल, त्याच्याशी माझा पगार एकदा ताडून बघाल का?’ वाढलेल्या कामांची यादी एका कागदावर न्या: ग्राहकांचे ऑडिट, सप्लायरच्या तक्रारी, नव्या मुलांचं ट्रेनिंग, जे खरं असेल ते.

बजेट मार्चमध्ये बंद होत असेल, तर हे जानेवारीतच बोला. एप्रिलमध्ये पत्रं छापून झाल्यावर साहेबांच्या हातात काही उरत नाही. एचआरकडे परस्पर जाऊ नका, कारण पगार दुरुस्तीचा प्रस्ताव सहसा तुमच्या विभागातूनच वर जावा लागतो. ‘बघतो’ म्हणाले, तर कधी ते तिथेच विचारा आणि बोलणं झाल्याचा दोन ओळींचा ईमेल टाका. ‘परफॉर्मन्स’ हे कारण सांगितलं, तर मागची रेटिंग्ज काढून नेमकं काय कमी पडलं ते विचारा. चांगली रेटिंग्ज असताना हे कारण टिकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुष म्हणून वेगळा पगार देता येत नाही. हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, आता वेतन संहिता, २०१९ मध्ये आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण अनुभव किंवा कौशल्यामुळे पडलेला फरक यात येत नाही, आणि खाजगी कंपनीत दोन पुरुषांमधल्या फरकाला हे कलम लागत नाही. तुमच्या विभागातल्या सगळ्याच बायका सारख्या कामाला मागे दिसल्या, तर प्रकरण वेगळं आहे आणि ते लेखी मांडायला हवं. पहिल्या भेटीत मात्र कायदा काढू नका. काढलात की साहेब उत्तर द्यायचं थांबवून एचआरला बोलावतात.

वाढ मंजूर झाली, तर पत्रात ‘करेक्शन’ आणि ‘इन्क्रिमेंट’ वेगवेगळे लिहून मागा. दोन्ही एकाच आकड्यात आले, तर त्या वर्षीची तुमची नेहमीची वाढच करेक्शन म्हणून दिली जाते, आणि फरक जवळजवळ तसाच राहतो.